मदत हवी आहे: सरासरी आणि गटसंख्या जुळत नाहीत, अदलाबदल धरावी का?

मेटा-अ‍ॅनालिसिससाठी एक पेपर तपासतोय. एकच प्रश्न, १ ते ५ गुण, उत्तरे पूर्णांकात. तक्त्यात गट अ: २३ जण, सरासरी ३.४४, गट ब: २५ जण, सरासरी २.७८.

ग्रिम चाचणी दोन्हीकडे फसते. पूर्णांकांची बेरीजही पूर्णांकच हवी. गट अ मध्ये ३.४४ × २३ = ७९.१२. बेरीज ७९ धरली तर सरासरी ३.४३ येते, ८० धरली तर ३.४८, ३.४४ येतच नाही. गट ब मध्येही ६९ ला २.७६ आणि ७० ला २.८०.

मात्र गटसंख्या उलट केल्या की दोन्ही बसतात: ८६/२५ = ३.४४ आणि ६४/२३ = २.७८. टी-चाचणीचे df ४६ आहेत, म्हणजे एकूण ४८ जण. अदलाबदलीने त्याला धक्का लागत नाही.

अडचण टक्केवारीची. गट अ मध्ये स्त्रिया ६२.५% दिल्यात. ते २३ किंवा २५ वर शक्य नाही, २४ वर मात्र नेमके १५/२४. गळतीचा उल्लेख पेपरात नाही. राउंडिंगची पद्धत बदलून पाहिली, फरक पडत नाही. मूळ डेटा उपलब्ध नाही, लेखकांकडून उत्तर नाही.

दोन्ही सरासऱ्या उलट संख्यांवर निव्वळ योगायोगाने बसण्याची शक्यता ढोबळमानाने ०.२५ × ०.२३, म्हणजे सुमारे ६%. मला हे पुरेसे वाटत नाही. प्रमाण विचलनावर ग्रिमर चालवून अदलाबदल पक्की ठरवता येईल का? की ६२.५% मुळे हा पेपर संवेदनशीलता विश्लेषणापुरताच ठेवावा?