मदत हवी आहे: चेनचं लॉक मळीत गाडलं गेलंय, क्लिप कशी काढू?

पलूस_एक्सप्रेस
गाडी १०० सीसी, चेन ४२८. चेन-स्प्रॉकेट सेट नवा आणलाय, जुनी चेन काढायची आहे. ऊसतोडीच्या सीझनमध्ये काळ्या रानातून गाडी फिरलीय आणि चेनवर जुनं इंजिन ऑइल मारलं जायचं, त्यामुळे मळी डांबरासारखी बसली आहे. लॉक सापडलं, पण क्लिपचं तोंड कुठल्या बाजूला आहे तेच दिसत नाही. स्क्रू ड्रायव्हर लावला की घसरतो. ग्राइंडर मारू का?

स्पॅनर_दहाअकरा
ग्राइंडर नको. क्लिप निघत नाही याचं कारण गंज कमी आणि मळी जास्त. पिनच्या टोकाजवळ बारीक खाच असते, क्लिप तिच्यात बसते. निघताना क्लिपचे दोन्ही पाय जरा फाकावे लागतात. खाचेत आणि पायांमध्ये मळी घट्ट बसलेली असेल तर ते फाकणार कसे? म्हणून आधी ती जागा मोकळी करा.

गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. चाक हाताने फिरवून लॉक मागच्या स्प्रॉकेटच्या दातांवर आणा. इंजिन चालू करून चेन फिरवायची नाही, बोटं जातात. टायरवर थेंब पडू नयेत म्हणून खाली पुठ्ठा धरा, लॉकवर ब्रशने डिझेल लावा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. मग जुन्या टूथब्रशने घासा आणि सायकलच्या स्पोकचं टोक घासून अणकुचीदार करून दोन पिनांभोवतीची मळी उकरा. एका पिनभोवती क्लिप गोल वळलेली दिसेल, ती बंद बाजू. दुसऱ्या पिनपाशी दोन सुटी टोकं दिसतील, ते तोंड.

आता नोज प्लायरचा एक जबडा तोंडाकडच्या पिनवर आतल्या, म्हणजे दुसऱ्या पिनकडच्या बाजूने टेकवा आणि दुसरा एका सुट्या टोकावर. हळू दाबा. टक् असा आवाज येऊन क्लिप बंद बाजूकडे सरकते. नाही सरकली तर दुसऱ्या टोकावर तेच. दाबताना क्लिपवर फडकं धरा, उडाली की सापडत नाही.

मिरजेचा_बुलेटवाला
चेन लूज असेल तर एक कडी काढून टाका, मीही तेच केलं. दोन वर्षं चालतेय.

स्पॅनर_दहाअकरा
ते चेन टाइट करायचे असेल तर. इथे सगळा सेटच बदलायचा आहे. आणि झिजलेल्या चेनमधली कडी काढली तरी पिना-बुशची झीज तशीच राहते, नवं स्प्रॉकेटही लवकर खराब होतं.

ताई_गॅरेज_कराड
बसवताना एक लक्षात ठेवा, क्लिपची बंद बाजू नेहमी गाडीच्या पुढच्या तोंडाकडे.

स्पॅनर_दहाअकरा
ताई, बरोबर आहे, पण लॉक वरच्या धावेवर असेल तरच. चेन ज्या दिशेला चालते त्या दिशेला बंद बाजू हवी. वरची धाव पुढे जाते, खालची मागे येते. खालच्या धावेवर लॉक लावताना 'पुढे' म्हणून बंद बाजू पुढे केली तर क्लिप उलटी बसते, आणि मग चेन कशाला घासली तर उघडं तोंड अडकून क्लिप उडू शकते. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागे लॉक असेल तर बंद बाजू वर.

ताई_गॅरेज_कराड
हं, खाली लावत असाल तर खरंच. आम्ही वरच लावतो म्हणून तसं सांगितलं.

पलूस_एक्सप्रेस
क्लिप निघाली! पण बाहेरची पट्टी हलत नाही. हातोडी?

स्पॅनर_दहाअकरा
हातोडी नको, पिन वाकते. पट्टी दोन्ही टोकांना आळीपाळीने चपट्या स्क्रू ड्रायव्हरने थोडी थोडी उचला. एकाच बाजूने जोर लावला की तिरकी होऊन पिनवर आवळते. तरीही अडली तर ॲक्सलचा नट आणि दोन्हीकडचे अ‍ॅडजस्टर सैल करून चाक पुढे सरकवा, ताण गेला की सुटते. पट्टी निघाली की पिना आतल्या बाजूला ढकला.

आणि जुनी चेन पूर्ण ओढू नका. तिच्या वरच्या टोकाला नवी चेन त्याच जुन्या लॉकने जोडा आणि खालचं टोक ओढा, नवी चेन पुढच्या स्प्रॉकेटवर आपोआप चढते. पुढचं स्प्रॉकेटही बदलायचंय, तर त्याचं कव्हर उघडावंच लागेल, मग हे सोडा.

नव्या चेनचं लॉक तिच्याच पाकिटातलं वापरा. ४२८एच चेनला साधं ४२८ चं लॉक लावलं तर जाड पट्ट्यांमुळे खाच पूर्ण बाहेर येत नाही आणि क्लिप अर्धवट बसते.

ताई_गॅरेज_कराड
जुनी क्लिप पुन्हा लावली तर चालते हो, पाय फाकले नसतील तर.

स्पॅनर_दहाअकरा
माझ्याकडे तरी नाही. डोळ्यांना सरळ दिसली तरी पकड गेली की नाही ते कळत नाही, आणि लॉक किरकोळ किमतीत मिळतं.

पलूस_एक्सप्रेस
पट्टी निघाली, पण आतल्या पिना अजून अडल्यात. डिझेल टाकून ठेवलंय, उद्या बघतो. पुढचं स्प्रॉकेट घालताना गिअर टाकून धरतात की मागचा ब्रेक?