वायद्यातला प्रीमियम म्हणजे बाजाराचं भाकीत?

एकटा_टांगेवाला: शेअरचा हजर भाव १००० होता, मी तीन महिन्यांचा वायदा १०२० ला घेतला. एक्सपायरीला शेअर पुन्हा बरोब्बर १०००. शेअर एक पैसाही पडला नाही, तरी माझे २० गेले. माझं मत स्पष्ट आहे: प्रीमियम म्हणजे बाजाराचा वर जाण्याचा अंदाज, आणि शेवटच्या दिवशी मोठे खेळाडू तो मोडून खातात. कुणाला वेगळं वाटतं का?

निळी_शाई: वाटतं. तुम्ही १००० भरून शेअर घेतला नाहीत, ते पैसे तीन महिने तुमच्याकडेच राहिले. वर्षाला ८ टक्क्यांनी ९० दिवसांचं व्याज १९.७३ होतं. ते वीस कुणी खाल्ले नाहीत, उधारीवर माल घेतल्याचं ते भाडं आहे.

आता भाकिताचं बघू. समजा सगळ्यांना तेजी वाटली आणि वायदा १०३५ ला गेला. मी १००० कर्ज काढून शेअर घेते आणि वायदा विकते. एक्सपायरीला भाव ९०० झाला तर शेअरमध्ये १०० गेले, वायद्यात १३५ आले. ११०० झाला तर शेअरमध्ये १०० आले, वायद्यात ६५ गेले. दोन्हीकडे हातात ३५ च. व्याजाचे १९.७३ वजा केले की १५ आणि वर काही पैसे उरतात. भाव कुठे जाईल याबद्दल मला मतच लागत नाही. माझ्यासारखे बरेच जण हे करायला लागले की १०३५ टिकत नाही.

जुना_मुनीम: कागदावर छान. पण मध्येच भाव ११०० झाला तर वायद्याचा तोटा रोजच्या रोज रोखीत भरावा लागतो आणि शेअरचा नफा मात्र कागदावर राहतो. तेव्हा पैसे कुठून आणणार? माझ्या ओळखीचे एक गृहस्थ हिशेबाने बरोबर असूनही महिनाभर आधी सौदा कापून बसले.

निळी_शाई: मान्य. म्हणूनच भाव त्या आकड्याला चिकटून बसत नाही, त्याच्या आसपास एका पट्ट्यात फिरतो. कर, दलाली आणि रोखीची तजवीज मिळून त्या पट्ट्याची रुंदी ठरते.

रविवारची_डुलकी: धागा नीट वाचला नाही, पण माझं उलटं आहे. माझ्या शेअरचा वायदा हजर भावापेक्षा १४ ने खाली आहे. घाबरून विकावं का?

निळी_शाई: आधी लाभांशाची तारीख बघा. वायदा धरणाऱ्याला लाभांश मिळत नाही. एक्सपायरीच्या आत ३४ चा लाभांश असेल, तर १००० वर २० व्याज अधिक, ३४ वजा, म्हणजे ९८६. तुमचे १४ जागच्या जागी सापडले. मंदीचा काही संबंध नाही.

जुना_मुनीम: आणि लाभांश नसेल तर? स्वस्त वायदा घेऊन शेअर विकायचा तर आधी तो उसना मिळायला हवा. तो मिळत नाही किंवा उसनवारीच महाग पडते, तेव्हा डिस्काउंट आठवडेच्या आठवडे टिकतो. तिथे टांगेवाल्यांचं म्हणणं थोडं खरं ठरतं, मंदीवाल्यांचा कल भावात दिसतो.

एकटा_टांगेवाला: थोडं का होईना! पण शेवटच्या दिवशी दोन्ही भाव नेमके एक कसे होतात? कुणीतरी ओढल्याशिवाय?

निळी_शाई: व्याज मोजायला दिवसच उरत नाहीत. ९० दिवसांचे २० असतील तर ९ दिवस राहिले की २ उरतात. शिवाय रोखीने मिटणाऱ्या वायद्याचा शेवटचा हिशेबच हजर भावावर होतो. माल द्यावा लागत असेल, तर फरक दिसताच कुणीतरी स्वस्त बाजूने घेऊन महाग बाजूला टेकवतो.

गोदामकर: शेअरवाल्यांना माल ठेवायला जागा लागत नाही म्हणून हे इतकं सोपं वाटतं. २० एप्रिल २०२० ला अमेरिकन कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर मिटला, आणि दुसऱ्या दिवशी त्याची एक्सपायरी होती. जूनचा वायदा त्याच दिवशी २० डॉलरच्या वर. तुमच्या हिशेबाने मेचं तेल घेऊन जूनला विकलं की झालं, नाही का? पण डिलिव्हरी ओक्लाहोमातल्या कुशिंगला, आणि तिथल्या टाक्या भरलेल्या किंवा आधीच कुणीतरी अडवलेल्या. टाकी नसलेल्याच्या दृष्टीने साठवणीचा खर्च अमर्याद होता.

जुना_मुनीम: म्हणजे भाव जुळण्याची क्रिया फसलीच की.

गोदामकर: मला तसं वाटत नाही. त्या क्षणी, त्या ठिकाणी, टाकी नसलेल्याच्या हातातल्या तेलाला खरोखर तीच किंमत होती. तुमचा 'हजर भाव' म्हणजे कुठला, हा प्रश्न आधी सोडवा.

निळी_शाई: इथे मी पूर्ण सहमत नाही. ज्यांच्याकडे टाकी होती तेही त्या भावात किती घेऊ शकले असते? पण हे मला ठामपणे मांडता येणार नाही.

एकटा_टांगेवाला: तेल राहू द्या. माझे वीस व्याजाचे, हे पटलं. पण मार्जिन म्हणून अडकलेल्या रकमेवर मला व्याज मिळालं नाही, त्याचं काय?

निळी_शाई: ती तक्रार रास्त आहे. चालत असेल तिथे रोखीऐवजी रोखे तारण ठेवा.