आवाजाने उंदीर-झुरळं-डास पळवणारं यंत्र: खरंच उपयोग होतो का?

मेधा: आम्ही तळमजल्यावर राहतो. ओट्याखाली उंदीर, झुरळं आहेत आणि संध्याकाळी डास. प्लगमध्ये लावायचं ते आवाजाचं यंत्र घ्यावं का? घरात रांगतं बाळ आहे, विषारी औषध नको.

संदीप: जरूर घ्या. माझ्या किराणा दुकानाच्या गोदामात लावलं आणि त्याच रात्री खडखड थांबली. आपल्याला तो आवाज ऐकू येत नाही, उंदराला येतो.

श्रीकांत (पेस्ट कंट्रोल): ऐकू येतो, हे बरोबर. पण संदीप, लावून किती दिवस झाले?

संदीप: बारा. पहिले चार-पाच दिवस एकदम शांत. परवा मागच्या रांगेतलं तूरडाळीचं पोतं कुरतडलेलं दिसलं, पण ते यंत्रापासून लांब आहे.

श्रीकांत: लांब असण्यापेक्षा आड आहे, ते महत्त्वाचं. इतक्या उंच पट्टीचा आवाज भिंत सोडाच, पोत्यांच्या थप्पीपलीकडेही नीट पोचत नाही. उंदीर नव्या गोष्टीला बिचकतो, म्हणून चार दिवस शांतता मिळाली. त्या आवाजाने इजा होत नाही हे कळलं, की खाण्यासाठी तो परत येतो. खात्री करायची तर रात्री भिंतीकडेने टाल्कम पावडर भुरभुरवा आणि सकाळी पावलं पाहा. एक आठवडा यंत्र चालू, एक आठवडा बंद. मेधाताई, तुम्ही आधी सिंकच्या पाइपभोवतीची फट बघा. अंगठा जाईल एवढ्या भोकातून उंदीर सहज येतो. तिथे तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लावा. मग भिंतीला लागून पिंजरा, बाळाच्या हाती लागणार नाही असा.

वैशाली: डासांचं मी सांगते. 2007 मध्ये कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या संस्थेने अशा यंत्रांच्या 10 प्रत्यक्ष चाचण्या तपासल्या. यंत्र असो वा नसो, अंगावर बसणारे डास कमी झाले नाहीत. बाळासाठी मच्छरदाणीच लावा, आणि कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा कोरड्या करा.

प्रकाश: आमच्याकडे निळ्या दिव्याचं आहे, पटपट मरतात. घ्याच.

वैशाली: प्रकाशदादा, ते दिव्याचं, आवाजाचं नाही. आणि त्याचा ट्रे उघडून पाहा, बहुतेक पाखरं आणि चिलटंच सापडतील. चावणारी मादी माणसाच्या श्वासाच्या आणि अंगाच्या वासामागे येते.

मेधा: आणि झुरळं?

श्रीकांत: यंत्राचा उपयोग नाही. बिजागरीच्या खाचेत, फ्रिजच्या मोटरमागे झुरळं मारायच्या जेलचे बारीक ठिपके द्या. जेलही औषधच आहे, त्यामुळे बाळाचा हात पोचेल तिथे अजिबात नको. आणि त्या जागी वरून स्प्रे मारू नका, वासाने झुरळं जेल खात नाहीत.

संदीप: आज रात्रीच पावडर टाकतो. पण यंत्र काढणार नाही. समोरच्या रांगेतलं एकही पोतं अजून फुटलेलं नाही.

श्रीकांत: मग यंत्र मागच्या रांगेत हलवा आणि पुढच्या रांगेवर लक्ष ठेवा.