मदत हवी आहे: |z+w| ≤ |z|+|w| च्या सिद्धतेतली एक पायरी पटत नाही, आणि दोन्ही बाजू समान केव्हा होतात?

तिरपी_रेघ

बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे. कॉन्जुगेट वापरून त्रिकोणाची असमानता सिद्ध करायची आहे. हाती आलेल्या नोट्समध्ये असं आहे:

|z+w|² = (z+w)(z̄+w̄) = |z|² + |w|² + zw̄ + z̄w

इथपर्यंत काही अडचण नाही. पुढे लिहिलंय, "|zw̄ + z̄w| ≤ |zw̄| + |z̄w| = 2|z||w|, म्हणून सिद्ध." पण दोन संख्यांच्या बेरजेचा मॉड हा मॉडच्या बेरजेपेक्षा मोठा नसतो, हेच तर सिद्ध करायचंय ना? मग ते मध्येच वापरलं कसं?

दुसरी शंका. शेवटी एक ओळ आहे की z आणि w मूळबिंदूतून जाणाऱ्या एकाच रेषेवर असतील तर दोन्ही बाजू समान होतात. मी z = 3+4i आणि w = −6−8i घेऊन पाहिलं. दोन्ही एकाच रेषेवर आहेत, पण डावीकडे 5 येतात आणि उजवीकडे 15.

शेवटचा_बाक

एवढा कीस कशाला पाडतोस? त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी, हे शाळेतच झालंय. 0, z, w हा त्रिकोण काढ. z आणि w विरुद्ध दिशांना गेले की त्रिकोण चपटा होतो आणि दोन्ही बाजू समान. तुझं उदाहरण नेमकं तसंच आहे, बेरीज परत तपास.

तिरपी_रेघ

तपासली. (3−6) + (4−8)i = −3−4i. मॉड 5च.

खडूफळा

बेरीज बरोबर आहे, त्रिकोण दुसराच काढलाय. 0, z, w या त्रिकोणाची तिसरी बाजू z−w आहे, z+w नव्हे. आपल्याला हवा तो त्रिकोण 0, z, z+w. म्हणजे आधी 0 पासून z पर्यंत जायचं आणि तिथून पुढे w एवढं सरकायचं. बाकांनी सांगितलेली विरुद्ध दिशांची अट |z−w| = |z|+|w| साठी बरोबर आहे. तुमच्या उदाहरणात z−w = 9+12i, मॉड 15. बघा, जुळलं.

आता पायरीबद्दल. तुमची शंका रास्त आहे. तशी लिहिली तर सिद्धता स्वतःच्याच खांद्यावर उभी राहते. दुरुस्ती मात्र छोटी आहे. z̄w ही zw̄ ची कॉन्जुगेट, त्यामुळे त्यांची बेरीज करताना काल्पनिक भाग उडतात आणि उरतं 2Re(zw̄), म्हणजे साधी वास्तव संख्या. आता कुठलीही कॉम्प्लेक्स संख्या u = a+ib घेतली तर a ≤ √(a²+b²), म्हणजे Re u ≤ |u|. यात त्रिकोण कुठेच आला नाही, फक्त b² ऋण नसतो एवढंच वापरलं. म्हणून

|z+w|² = |z|² + |w|² + 2Re(zw̄) ≤ |z|² + |w|² + 2|z||w| = (|z|+|w|)²

दोन्हीकडे ऋण नसलेल्या संख्यांचे वर्ग आहेत, म्हणून वर्गमूळ घेता येतं.

संपूर्ण सिद्धतेत ≤ एकाच ठिकाणी शिरलंय. त्यामुळे समानतेचं उत्तरही तिथेच शोधायचं: Re(zw̄) = |zw̄| केव्हा? zw̄ चा काल्पनिक भाग शून्य असेल आणि वास्तव भाग ऋण नसेल तेव्हाच. तुमच्या नोट्सनी यातला पहिला अर्धा भाग लिहिला आणि दुसरा गाळला. तुमच्या z, w साठी zw̄ = (3+4i)(−6+8i) = −50. वास्तव आहे, पण ऋण.

तिरपी_रेघ

पायरी कळली, आभार. पण zw̄ ऋण नसलेली वास्तव संख्या, याचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही. w̄ तर वास्तव अक्षाच्या पलीकडे जाऊन बसतो, त्याचा z च्या दिशेशी काय संबंध?

खडूफळा

w̄ कुठे बसलाय ते विसरा, त्याने गुणल्यावर काय होतं ते बघा. ww̄ = |w|², म्हणजे w̄ ने गुणलं की w स्वतः फिरून धन वास्तव अक्षावर येतो. तेच फिरवणं z लाही लागू होतं (लांबी |w| पट होते, पण दिशेला त्याने फरक पडत नाही). म्हणजे w च्या दिशेला तोंड करून उभं राहिल्यावर z कुठे दिसतो, ते zw̄ सांगतो. वास्तव भाग म्हणजे समोर किती, काल्पनिक भाग म्हणजे बाजूला किती. बाजूला काही नाही आणि मागेही नाही, तर समानता.

अगदी थोडा बाजूला असलेला नमुना घ्या: z = 3+4i, w = 1+2i. zw̄ = (3+4i)(1−2i) = 11−2i. |z+w| = |4+6i| = √52, साधारण 7.211. उजवीकडे 5+√5, साधारण 7.236. फरक जेमतेम 0.025, पण आहे. तो त्या −2 मुळे. 11² + 2² = 125 = |z|²|w|², म्हणून 11 ही संख्या √125 पेक्षा किंचित कमी पडते. शिवाय त्या 2 ला क्षेत्रफळाचा अर्थ आहे: z आणि w वरच्या समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ 2, आणि आपल्या 0, z, z+w त्रिकोणाचं 1. क्षेत्रफळ शून्य झालं की त्रिकोण चपटा. पण चपटा दोन प्रकारे होतो, पुढे सरकून किंवा उलटं फिरून. दुसऱ्या प्रकारात |z+w| = ||z|−|w||, म्हणून तुमचे 5 आले.

उत्तरपत्रिकेत "एकाच दिशेला" असं लिहिणार असाल तर w = 0 वेगळं नोंदवा. शून्याला दिशा नसते, पण समानता असते. zw̄ ≥ 0 अशी अट लिहिली की तेही आपोआप आत येतं.

शेवटचा_बाक

त्रिकोण चुकला, मान्य. पण 0, z, z+w काढून भूमितीनेच सांगितलं तर कॉन्जुगेटची गरजच काय? माझ्या मते तीही पूर्ण सिद्धताच.

खडूफळा

सिद्धता आहेच. पण प्रश्नातच कॉन्जुगेट वापरा म्हटलंय.

कडधान्य_उसळ

माझ्या मुलीचा प्रश्न इथेच विचारते. |z−1| + |z+1| = 2 वर तिने "लंबवर्तुळ" लिहिलं, दोन बिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज स्थिर म्हणून. चूक दिलंय. याचा वरच्या चर्चेशी संबंध आहे का?

खडूफळा

आहे ना. (1−z) आणि (z+1) यांची बेरीज 2, आणि |1−z| म्हणजेच |z−1|. म्हणजे ही समानतेचीच स्थिती. −1 पासून z कडे आणि z पासून 1 कडे जाणारी पावलं एकाच दिशेला हवीत, म्हणून z हा −1 ते 1 या रेषाखंडावरच, टोकं धरून. उजवीकडे 2 पेक्षा मोठी संख्या असती तर लंबवर्तुळ बरोबर होतं. 2 पेक्षा लहान असती तर एकही बिंदू मिळाला नसता.

तिरपी_रेघ

म्हणजे तीन संख्या असतील तर z₁z̄₂ ≥ 0 आणि z₂z̄₃ ≥ 0 एवढं तपासलं की पुरे ना? लागोपाठच्या जोड्या?

खडूफळा

1, 0, −1 घेऊन बघा. दोन्ही गुणाकार शून्य, अट पुरी. पण बेरजेचा मॉड 0 आणि मॉडची बेरीज 2. मधला शून्य दोघांशीही जुळवून घेतो. z₁z̄₃ सुद्धा तपासावं लागतं, म्हणजे सगळ्याच जोड्या.

तिरपी_रेघ

बरं. आणि बेरजेच्या जागी इंटिग्रल असेल तर? |∫f| ≤ ∫|f| असं पुढच्या प्रकरणात दिसतंय. तिथे जोड्या कशा तपासायच्या?

शेवटचा_बाक

त्यासाठी नवा धागा काढ बाबा.