मदत हवी: नानांचं सिम हरवलं, डुप्लिकेट सिमचा अर्ज बरोबर आहे का?

पारोळ्याचा_पक्या: पारोळ्याच्या बाजारात नानांचा मोबाइल गेला. कस्टमर केअरला फोन करून सिम बंद केलं. उद्या गॅलरीत द्यायला अर्ज लिहिलाय, बघा जरा:

> प्रति, मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा केंद्र.
> विषय: हरवलेल्या सिमऐवजी डुप्लिकेट सिम मिळणेबाबत.
> महोदय, माझा प्रीपेड क्रमांक ९८xxxxxx४१ असून हे सिम बाजारात मोबाइलसह गहाळ झाले आहे. जुने सिम बंद करून याच क्रमांकाचे नवे सिम द्यावे. सोबत आधारची प्रत व पासपोर्ट फोटो जोडला आहे.

खाली नानांची सही.

केळीवाला_रावेर: एफआयआर जोडल्याशिवाय देत नाहीत.

टॉवरखाली: सिमसाठी एफआयआर लागत नाही. पोलिसांची गहाळ तक्रार मात्र करा. मोबाइलचा आयएमईआय सरकारच्या संचार साथी पोर्टलवर ब्लॉक करताना तिची प्रत लागते. अर्जात सिम हरवल्याची तारीख, तक्रारीचा क्रमांक आणि संपर्कासाठी दुसरा चालू नंबर टाका. आधारच्या प्रतीवर शेवटचे चारच आकडे दिसू द्या. पण आधी सांगा, सिम घेतलं कोणाच्या कागदांवर?

पारोळ्याचा_पक्या: मोठ्या भावाच्या आधारवर घेतलं असावं. तो सुरतला मिलमध्ये आहे. वापरतात नानाच.

टॉवरखाली: मग हा अर्ज काउंटरवरूनच परत येईल. कंपनीच्या लेखी ग्राहक तुमचा भाऊ आहे. ‘माझा क्रमांक’ असं त्यानं लिहायचं, सही त्याची, आधारही त्याचं. भावाला स्वतःच्या चालू नंबरवरून संचार साथीवर लॉगिन करायला सांगा. त्याच्या नावावरचे नंबर तिथे दिसतात. यादीत ४१ वर संपणारा हा नंबर असला, तर शंका मिटली.

केळीवाला_रावेर: भावाकडून अधिकारपत्र लिहून घ्या ना, कशाला सुरतेहून बोलावता?

टॉवरखाली: ते कंपनीच्या नावावरच्या कनेक्शनला चालतं. घरगुती सिमला ग्राहकाचाच अंगठा किंवा समोर काढलेला फोटो लागतो.

आप्पा_चोपडा: मन्हं बी असंच व्हयनं! नवं सिम चालू झालं, फोन लागायला लागले, पण बँकेचा ओटीपी येईना. व्यापाऱ्याला वाटलं मी टाळतोय.

टॉवरखाली: आप्पा, सिम बदललं की पहिले २४ तास एसएमएस बंदच ठेवतात. चोरानं तुमच्या नावानं सिम काढलं तर खात्यातले पैसे लगेच जाऊ नयेत म्हणून. पक्याभाऊ, नानांचे पैसे त्या दिवशी काढायचे असतील तर बँकेतच जा. आणि कंपनी बदलायचा विचार असेल तर सात दिवस पोर्टही होणार नाही.

पारोळ्याचा_पक्या: भावाला विचारलं, यादीत नंबर दिसतोय. सुट्टी मात्र मिळत नाही म्हणतो. महाराष्ट्राचं सिम सुरतच्या गॅलरीत देतील का?

केळीवाला_रावेर: देतात, आता सगळं ऑनलाइन आहे.

टॉवरखाली: कंपनीगणिक वेगळं सांगतात. भावालाच कस्टमर केअरला विचारू द्या, आणि नंबर महाराष्ट्राचा आहे हे आधी सांगायला लावा.