‘लूपिंग इन यू’ की ‘मार्किंग यू’? सीसीत घेताना नेमकं काय लिहायचं

अंबडवाला: अंबड एमआयडीसीत परचेसला आहे. कस्टमरच्या मेलला रिप्लाय देताना आमच्या क्वालिटीच्या सरांना सीसीत घेतलं आणि लिहिलं ‘लूपिंग इन यू फॉर नेसेसरी ॲक्शन’. साहेब म्हणतात हे चूक, ‘मार्किंग यू’ लिही. बरोबर काय?

इंदिरानगरची: ‘लूपिंग इन यू’ चूकच आहे. यू, हिम, हर असे शब्द मधे बसतात, म्हणजे ‘लूपिंग यू इन’. नाव असेल तर दोन्ही चालतं, ‘लूपिंग इन पाटील सर’ किंवा ‘लूपिंग पाटील सर इन’. पण तुमच्या मेलात त्याहून मोठा घोळ त्या यू चा आहे. मेल कस्टमरला चाललाय, तो वाचणार आणि त्याला वाटणार की ॲक्शन आपणच घ्यायचीय! मेल ज्याच्या नावाने सुरू होतो तो यू, सीसीतल्या माणसाचं नावच लिहायचं आणि त्याने काय करायचंय तेही, ‘लूपिंग इन पाटील सर फ्रॉम क्वालिटी, हू विल शेअर द इन्स्पेक्शन रिपोर्ट’.

व्याकरणप्रेमी: अहो पण याला कर्ताच नाही, हे वाक्यच नव्हे. ‘आय ॲम लूपिंग इन’ असंच पाहिजे.

इंदिरानगरची: लेटरहेडवरच्या पत्रात तुमचं म्हणणं मान्य. रोजच्या मेलात ‘अटॅचिंग द ड्रॉइंग’ लिहितातच की, तिथे आय ॲम गृहीत असतं.

कॉलेजरोड: आमचा बॉस तर चहाच्या बिलालासुद्धा अख्ख्या डिपार्टमेंटला सीसी करतो, त्याचं काय करायचं ते सांगा आधी

जुना हेडक्लार्क: मी सरकारी कचेरीत टायपिंग केलंय. कार्बन लावून प्रती काढायच्या, खाली ‘प्रत माहितीसाठी’ लिहून नावं घालायची आणि ज्याची प्रत त्याच्या नावापुढे खूण करायची. खूण प्रतीवर, माणसावर नाही! म्हणून ‘मार्किंग अ कॉपी टू पाटील सर’ बरोबर, नुसतं ‘मार्किंग यू’ अर्धवट.

सातपूरकर: काका, आज सातपूरपासून सिन्नरपर्यंत कुठल्याही ऑफिसात ‘मार्क कर मला’ म्हटलं की पोरं बरोबर सीसीत टाकतात. सगळ्यांना कळतंय तर चूक कसं? लूपिंग तरी कुठे आपलं आहे.

इंदिरानगरची: आपल्यात कळतं हो, म्हणून आतल्या मेलात ‘मार्किंग यू इन सीसी’ला माझी हरकत नाही. पण बाहेरच्या देशातला कस्टमर असेल तर मार्किंग वाचून तो अडखळू शकतो, तिथे ‘कॉपीइंग पाटील सर’ किंवा ‘ॲडिंग पाटील सर’ सरळ कळतं. आणि आउटलुकमध्ये मजकुरात @ लावून नाव घातलं तर ते माणसाला ‘टू’मध्ये घेतं, सीसीत नाही, त्यामुळे पाठवायच्या आधी वरची ओळ बघा.

अंबडवाला: मग साहेबांना ‘मार्किंग अ कॉपी टू’ दाखवतो, त्यात त्यांचा मार्किंग शब्दही राहतो.

सातपूरकर: दाखव, पण मी ‘मार्किंग यू’च लिहिणार.