मदत हवी आहे: जर्मनमधलं 'ईर' नक्की कुणाचं?

मेघना_२२: उद्या ए-वनची परीक्षा आहे आणि ऑनलाइन सराव मला सारखी चूक दाखवतोय. साबिने बाई आहे म्हणून मी 'ईरे' लिहिलं. बाईला 'ए' लावतात ना? आणि 'तिचा', 'त्यांचा', 'तुमचा' या तिन्हीला एकच 'ईर' कसं? लवकर सांगा.

जुना_विद्यार्थी: आधी वाक्य टाका. पुढचं नाम काय आहे?

मेघना_२२:
```
Sabine sucht ihr___ Schlüssel.
```

जुना_विद्यार्थी: किल्ली मराठीत स्त्रीलिंगी, पण श्लुसेल 'डेअर', पुल्लिंगी. 'तिचा भाऊ, तिची बहीण' यात 'ति' मालकिणीमुळे येतो आणि चा-ची भावाबहिणीमुळे. जर्मनमध्येही तसंच. साबिनेमुळे 'ईर' आलं, तिचं काम तिथेच संपलं. शेपूट किल्ली ठरवते. किल्ली कर्ता असती तर नुसतं 'ईर श्लुसेल'. इथे ती कर्म आहे, म्हणून 'डेअर'चं 'डेन' होतं तसं 'ईरेन'. पेटर स्वतःची किल्ली शोधत असता तर 'झाइनेन', मी शोधत असते तर 'माइनेन', तू असतास तर 'डाइनेन'.

रंगीत_वही: त्यापेक्षा प्रत्येक नाम रंगीत कार्डावर लिहा. मी पुल्लिंगीला निळं कार्ड ठेवते.

संदीप_पुणे: तीन नाही, चार अर्थ. 'ईर' म्हणजे 'तुम्ही लोक'सुद्धा. मित्रांना 'तुमचा' म्हणायलाही तेच.

जुना_विद्यार्थी: पहिलं बरोबर, दुसरं चूक. 'तुम्ही' म्हणून 'ईर' आहेच, पण मित्रांच्या वस्तूला 'ऑयर'.

वॉर्ड_नर्स: मी इथे जर्मनीत रुग्णालयात काम करते. 'झी' म्हणजे 'ती'ही आणि 'ते'ही, म्हणून तिचा आणि त्यांचा दोन्ही 'ईर'. आदराने समोरच्यालाही 'ते' म्हणायची रीत पडली, म्हणून 'आपला'सुद्धा 'ईर', फक्त लिहिताना मोठा I. आपण सासूबाईंना 'त्या' म्हणतो तसंच, पण तोंडावर. बोलताना मोठा I ऐकू येत नाही. दोन आजी शेजारी होत्या, मी आत येत म्हटलं:
```
Ihre Tochter ist da.
```
दोघींनी मान वर केली. आता मी आधी आडनाव घेते.

संदीप_पुणे: मग पहिल्या वाक्यात किल्ली साबिनेचीच कशावरून? मराठीत 'आपली किल्ली' म्हटलं की प्रश्न मिटतो.

जुना_विद्यार्थी: वाक्यावरून नाही कळत, मागचापुढचा संदर्भ लागतो.

आदित्य: ए-वनवर व्हिसा मिळतो का?

मेघना_२२: 'ईरेन' टाकलं, बरोबर आलं! पण पुढच्यात तेच टाकलं तर चूक:
```
Sabine hilft ihr___ Bruder.
```
भाऊ पुल्लिंगीच आहे की!

जुना_विद्यार्थी: 'हेल्फेन'ला मदत कुणाला, ते दातिवमध्ये लागतं. 'डेअर'चं 'डेम', म्हणून 'ईरेम'. उद्याच्या आधी अशी क्रियापदं वेगळी काढा: हेल्फेन, डांकेन, गेफालेन.